'इशारा' म्हणजे धोक्याची सूचना नव्हे! उर्दू शेर हिंदीत नेताना काय ठेवायचं आणि काय बदलायचं?

पावसाळ्यात कल्याण, उल्हासनगर, बदलापूरच्या लोकांना 'इशारा' हा शब्द चांगलाच ओळखीचा असतो. हवामान खात्याचा इशारा, उल्हास नदीची इशारा पातळी. मराठीत हा शब्द आला की पुढे काहीतरी धोका आहे, हे गृहीत धरलं जातं. आता हाच शब्द एखाद्या उर्दू शेरात आला आणि तो शेर देवनागरीत तुमच्या मोबाइलवर पोहोचला, तर? उर्दूत 'इशारा' म्हणजे नजरेची किंवा हाताची खूण. प्रेमाच्या शेरातली ती हलकीशी खूण मराठी वाचकाला धमकी वाटू शकते. शब्द तोच आणि लिपीही ओळखीची असली तरी शेराचा सगळा भाव उलटा होतो.

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. ठाण्याहून डोंबिवलीला जाताना वाटेत मुंब्रा लागतं आणि कल्याणच्या पलीकडे भिवंडी आहे. या दोन्ही ठिकाणी उर्दू बोलणाऱ्या, उर्दू माध्यमातून शिकलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या शेजारी मराठी आणि हिंदी वाचणारे लाखो लोक राहतात. या सगळ्यांपर्यंत शायरी पोहोचते ती बहुतेक वेळा देवनागरीतून, म्हणजे 'हिंदीत' आलेल्या रूपात.

पण उर्दू शेर हिंदीत आणायचा म्हणजे नेमकं काय करायचं? नुसती लिपी बदलायची, की शब्दही बदलायचे? अवघड फारसी शब्द काढून सोपे हिंदी शब्द घातले तर काय बिघडतं? एक शेर घेऊन हे टप्प्याटप्प्याने पाहू.

## आधी शेर

हा शेर कुणा प्रसिद्ध शायराचा नाही. मुद्दा समजावा म्हणून या लेखापुरताच तो बांधलेला आहे.

वो तग़ाफ़ुल, वो किनारा रह गया
दरमियाँ बस इक इशारा रह गया

साधा अर्थ असा: ते जाणूनबुजून दुर्लक्ष करणं, ते अलिप्त राहणं तसंच राहिलं. दोघांच्या मध्ये उरली ती फक्त एक खूण.

दोन्ही ओळींच्या शेवटी 'रह गया' आहे. जसाच्या तसा पुन्हा येणारा हा भाग म्हणजे रदीफ. मराठी गझलेत त्याला अंत्ययमक म्हणतात. रदीफाच्या अगदी आधी 'किनारा' आणि 'इशारा' हे शब्द आहेत. त्यांचा शेवट 'आरा' असा जुळतो. हा काफिया, म्हणजे यमक. दोन्ही ओळींत काफिया आणि रदीफ असलेला शेर गझलेच्या सुरुवातीला येतो आणि त्याला मतला म्हणतात. पुढच्या प्रत्येक शेरात दुसऱ्या ओळीने हाच काफिया आणि हाच रदीफ पाळायचा असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वजन, अर्थात वृत्त. मराठी गझलेत ऱ्हस्वाला 'ल' आणि दीर्घाला 'गा' म्हणून वृत्त मोजतात. त्या पद्धतीने या शेराची प्रत्येक ओळ अशी आहे:

गालगागा गालगागा गालगा

'वो-त-गा-फुल, वो-कि-ना-रा, रह-ग-या' असं ठेक्यात म्हणून पाहा, लगेच बसेल. इथे मराठी वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मराठी वृत्तात 'दर' किंवा 'रह' ही दोन ऱ्हस्व अक्षरं धरली जातात. उर्दूत ती एका दमात उच्चारली जातात आणि दोन्ही मिळून एक 'गा' होतो. म्हणूनच 'दरमियाँ' हे 'गालगा' आहे.

## यात फारसी किती आणि हिंदी किती?

शेरातले पाच शब्द फारसीतून आलेले आहेत: तग़ाफ़ुल, किनारा, दरमियाँ, बस आणि इशारा. यातले 'तग़ाफ़ुल' आणि 'इशारा' मुळात अरबी. ते फारसीच्या वाटेने उर्दूत आले. उरलेले 'वो', 'इक' आणि 'रह गया' हे देशी आहेत. हिंदी आणि उर्दूचं व्याकरण एकच असल्यामुळे ते दोन्ही भाषांत सारखेच आहेत.

उर्दूतून हिंदीत जाताना मिळणारी मोठी सवलत इथेच आहे. गझलेचा रदीफ बऱ्याचदा 'रह गया', 'होता नहीं', 'करते हैं' असा देशी क्रियापदाचा असतो. तो हिंदीत जसाच्या तसा येतो, त्याचं भाषांतर करावं लागत नाही. हाच शेर मराठीत आणायचा झाला, तर पहिल्याच पायरीवर अडचण येते. पहिल्या ओळीत 'रह गया'चा अर्थ 'तसंच राहिलं' असा आहे आणि त्यात तक्रार आहे. दुसऱ्या ओळीत त्याच 'रह गया'चा अर्थ 'एवढंच उरलं' असा होतो. त्यात हातात राहिलेलं थोडंसं जपण्याचा भाव आहे. शब्द तेच, पण छटा बदलते, आणि रदीफाची खरी गंमत याच बदलात असते. मराठीत या दोन छटांसाठी 'राहिलं' आणि 'उरलं' अशी दोन क्रियापदं लागतात. 'राहून गेलं' म्हटलं तर अर्थ तिसरीकडेच जातो, म्हणजे करायचं होतं ते करायचं राहिलं. हिंदीला हा त्रास होत नाही.

पण ही सवलत एका अटीवर मिळते. 'रह गया' पुल्लिंगी आहे. त्याच्या आधीचा कर्ता स्त्रीलिंगी झाला, तर ते 'रह गई' होतं आणि रदीफ मोडतो. ही अट विसरली की काय होतं, ते आता दिसेल.

## पहिला प्रयत्न: सगळे शब्द बदलून

समजा, कुणीतरी ठरवलं की हिंदी म्हणजे संस्कृतकडे झुकणारी हिंदी. सगळे फारसी शब्द काढायचे. 'तग़ाफ़ुल'ला 'उपेक्षा', 'किनारा'ला 'विलगता', 'इशारा'ला 'संकेत'. शेर असा होतो:

वह उपेक्षा, वह विलगता रह गई
बीच में संकेत केवल रह गया

ठेका धरून म्हणून पाहिलं, तर वजन कुठेही चुकत नाही. दोन्ही ओळी 'गालगागा गालगागा गालगा' मध्येच आहेत. अर्थही साधारण तोच आहे. तरीही हा शेर राहिलेला नाही.

पहिलं कारण म्हणजे रदीफ. 'तग़ाफ़ुल' आणि 'किनारा' पुल्लिंगी होते, तर 'उपेक्षा' आणि 'विलगता' स्त्रीलिंगी आहेत. त्यामुळे पहिल्या ओळीत 'रह गई' आलं आणि दुसऱ्या ओळीत 'रह गया' राहिलं. मतल्यात रदीफ तंतोतंत सारखा हवा, त्यात 'ई' आणि 'या' एवढाही फरक चालत नाही.

दुसरं कारण काफिया. 'विलगता' आणि 'केवल' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'उपेक्षा-भाव' असा पुल्लिंगी शब्द घेऊन रदीफ वाचवता येईल, पण काफिया तरीही मिळणार नाही.

तिसरं कारण सगळ्यात उशिरा लक्षात येतं. 'उपेक्षा' हा 'तग़ाफ़ुल'चा अर्थच नाही.

## 'तग़ाफ़ुल' आणि मराठीतला 'गाफील'

'तग़ाफ़ुल' अवघड वाटतो, पण मराठी माणसाला त्याचं कुटुंब ठाऊक आहे. 'गाफील राहू नका' आणि 'मोठी गफलत झाली' हे आपण रोज बोलतो. गाफील, गफलत आणि तग़ाफ़ुल हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. या धातूचा मूळ अर्थ लक्ष नसणं, बेसावध असणं असा आहे.

फरक आहे तो शब्दाच्या साच्यात. 'तग़ाफ़ुल' ज्या अरबी साच्यात बसतो, त्या साच्यातून बऱ्याचदा सोंग करण्याचा अर्थ निघतो. 'तजाहुल' म्हणजे माहीत असून अज्ञानाचं सोंग घेणं. तसंच 'तग़ाफ़ुल' म्हणजे लक्ष असून नसल्याचं दाखवणं.

गझलेत हा फरक फार मोठा आहे. उपेक्षा करणाऱ्याला समोरच्याची पर्वा नसते. तग़ाफ़ुल करणाऱ्याचं मात्र समोरच्याकडे पूर्ण लक्ष असतं, फक्त तो ते दाखवत नाही. म्हणजे तग़ाफ़ुलमध्ये आशेला जागा आहे. म्हणूनच दुसऱ्या ओळीत 'इशारा' येऊ शकतो. ज्याला पर्वाच नाही, तो खूण कशाला करेल? पहिल्या ओळीत 'उपेक्षा' घातली की दुसऱ्या ओळीतला 'संकेत' अधांतरी राहतो, कारण तो आला कुठून याचं उत्तर पहिल्या ओळीत उरत नाही.

## दुसरा प्रयत्न: अर्थ पकडला, सूर सुटला

'तग़ाफ़ुल'मधलं सोंग साध्या हिंदीत सांगता येतं. 'जानकर अनजान' हा हिंदीतला नेहमीचा शब्दप्रयोग अगदी तेच सांगतो. मग शेर असा करता येतो:

जानकर अनजान, न्यारा रह गया
बीच में बस इक इशारा रह गया

ही रचना पहिलीपेक्षा खूपच चांगली आहे. वजन बरोबर आहे. 'न्यारा' आणि 'इशारा' यांचा काफिया जुळतो. रदीफ शाबूत आहे. माहीत असूनही अनोळखी झाल्यासारखा तो अलग राहिला, हा अर्थही आला. दुसऱ्या ओळीतला बदलही बेमालूम बसला आहे. 'दरमियाँ' गालगा आहे आणि 'बीच में' सुद्धा गालगाच.

तरीही दोन गोष्टी हरवल्या आहेत.

पहिली गोष्ट सुराची. 'न्यारा' म्हणजे वेगळा, अलिप्त, हा अर्थ जुन्या हिंदीत नक्की आहे. पण आजच्या हिंदी वाचकाच्या कानात 'न्यारा'सोबत 'प्यारा' वाजतो. मराठीतही 'न्यारी' म्हणजे आगळी, लोभस. दुराव्याबद्दल बोलणाऱ्या ओळीत हा शब्द आला की ती एकदम भजनासारखी किंवा बालगीतासारखी वाटायला लागते. शब्दकोशातला अर्थ बरोबर असून भाव चुकतो तो असा.

दुसरी गोष्ट चित्राची. मूळ शेरात 'किनारा'ला दोन अर्थ आहेत. 'किनारा करना' म्हणजे अंग काढून घेणं, दूर होणं. हिंदी वर्तमानपत्रांत नेत्याने पक्षापासून 'किनारा कर लिया' असं सर्रास छापून येतं. आणि 'किनारा' म्हणजे नदीचा काठ, हे तर मराठीतही आहे. पुढच्या ओळीत 'दरमियाँ', म्हणजे 'दोघांच्या मध्ये' असा शब्द आला की दोन काठ आणि मधलं अंतर डोळ्यासमोर येतं. 'किनारा' गेला की हे चित्रही जातं आणि 'बीच में' नुसतं सोयीपुरतं उरतं.

काफियाच्या जागी आलेला शब्द बदलणं महाग का पडतं, ते यातून कळतं. ऐकणारा त्याच शब्दाची वाट पाहत असतो, शेराचा सगळा भार त्याच्यावर असतो. त्यामुळे जुळणारा दुसरा शब्द सापडला तरी तो बहुधा तेवढा भार पेलत नाही.

## तिसरा प्रयत्न: एकच शब्द हलवायचा

आता प्रश्न उलट्या बाजूने विचारू. हिंदी वाचकाला यातला नेमका कोणता शब्द अडतो? 'किनारा' आणि 'इशारा' हिंदीत रोजचे आहेत. 'बस' तर आहेच. 'दरमियाँ' हिंदी सिनेमाच्या गाण्यांमुळे घरोघरी पोहोचलेला आहे. मराठीतला 'दरम्यान' त्याचाच भाऊ. उरतो एकटा 'तग़ाफ़ुल'. म्हणजे पाचांपैकी चार शब्दांना हात लावायची गरजच नाही.

'तग़ाफ़ुल'च्या जागी काय घ्यायचं? इथे उपयोगी पडतो तो दुसरा, पण ओळखीचा फारसी शब्द, 'बेरुख़ी'. 'रुख़' म्हणजे चेहरा, आणि 'बेरुख़ी' म्हणजे तोंड फिरवणं, तुटकपणा. हाही शब्द हिंदी गाण्यांतून सगळ्यांना माहीत आहे.

'वो बेरुख़ी' असं सरळ लिहिलं तर वजन बिघडतं, कारण दुसऱ्या जागी 'ल' हवा आणि 'बे' दीर्घ आहे. शब्द उलटे केले की बसतात:

बेरुख़ी वो, वो किनारा रह गया
दरमियाँ बस इक इशारा रह गया

'बे-रु-खी-वो' हे गालगागा झालं. पण 'बेरुख़ी' स्त्रीलिंगी आहे, मग रदीफ मोडणार नाही का? नाही मोडत, कारण दोन कर्ते आले की हिंदीत क्रियापद बहुधा जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं. इथे 'रह गया'च्या लगेच आधी 'किनारा' आहे आणि तो पुल्लिंगी आहे. 'वो किनारा, बेरुख़ी वो' असा क्रम असता तर 'रह गई' करावं लागलं असतं.

यातही नुकसान आहेच. बेरुख़ी उघड असते, तग़ाफ़ुल छुपा. सोंगाचा अर्थ थोडा विरला. पण 'उपेक्षा'च्या मानाने हे नुकसान कमी आहे. तोंड फिरवणाऱ्याला समोरचा माणूस आहे हे ठाऊक असतं, म्हणून पुढचा 'इशारा' निराधार होत नाही.

## मग 'तग़ाफ़ुल' ठेवायचाच नाही का?

ते शेर कुठे वाचला जाणार यावर ठरतं. पानावर किंवा पोस्टमध्ये असेल, तर खाली एका ओळीत अर्थ देता येतो आणि मग मूळ शब्द ठेवणंच उत्तम. उर्दू शायरी देवनागरीत आणणाऱ्यांनी बहुतांशी हाच मार्ग घेतला. अली सरदार जाफरी यांनी संपादित केलेला 'दीवान-ए-गालिब' १९५८ मध्ये मुंबईतून, हिंदुस्तानी बुक ट्रस्टतर्फे निघाला. त्यात उर्दू आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्या होत्या. शब्द बदलले नाहीत, फक्त लिपी बदलली. प्रकाश पंडित यांनी संपादित केलेल्या लोकप्रिय हिंदी पुस्तकांत शेर तसाच ठेवून अवघड शब्दांचे अर्थ तळटिपेत दिले. आता 'रेख्ता'च्या संकेतस्थळावर शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दिसतो, पण पद्धत तीच आहे.

मंचावर ही सोय नसते. ओळ एकदाच कानावर पडते, आणि 'तग़ाफ़ुल' म्हणजे काय हे आठवेपर्यंत 'इशारा' येऊन निघून गेलेला असतो. रीलमध्येही तसंच. अशा वेळी दोन पर्याय उरतात. शेर म्हणण्याआधी त्या एका शब्दाचा अर्थ सांगायचा, किंवा 'बेरुख़ी'वाली ओळ म्हणायची. मात्र ओळ बदललेली आहे हे सांगणं गरजेचं आहे, विशेषतः शेर कुणा शायराच्या नावावर असेल तर. नाहीतर बदललेली ओळच मूळ म्हणून पुढे फिरत राहते.

अर्थ समजावून सांगण्याची मराठीचीही स्वतःची परंपरा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचे अध्यक्ष अक्षयकुमार काळे यांनी गालिबच्या उर्दू कवितेवर अर्थ आणि भाष्य लिहिलेलं आहे. त्याआधी कितीतरी वर्षं मराठीत गझल रुजवणारे माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे फारसीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी फारसी-मराठी कोशही तयार केला होता.

## टाइप करताना काय बिघडतं?

शब्द निवडून झाले तरी देवनागरीत लिहिताना शेर मोडू शकतो. सगळ्यात जास्त फटका बसतो तो 'इक'ला. 'इक' ही चूक वाटून लोक किंवा मोबाइलचा कीबोर्ड तिथे 'एक' करून टाकतात. 'इक' हा एकच 'गा' आहे, तर 'एक' हा 'गा-ल' होतो. 'दरमियाँ बस एक इशारा' म्हणून पाहा. 'एक'नंतरचा 'इ' सुटा उच्चारला तर दोन ऱ्हस्व शेजारी पडतात आणि ठेका अडखळतो.

दुसरा फटका नुक्त्याचा. मराठी छपाईत ग, ज, फ खाली टिंब देण्याची पद्धत नाही, त्यामुळे मराठी माणसाचं त्याकडे लक्षही जात नाही. पण 'जलील' म्हणजे थोर आणि 'ज़लील' म्हणजे अपमानित. 'गुल' म्हणजे फूल आणि 'ग़ुल' म्हणजे गोंगाट. आपल्या शेरात 'तग़ाफ़ुल', 'बेरुख़ी' यांचे नुक्ते गेले तर अर्थ बदलत नाही, पण मुंब्र्याच्या किंवा भिवंडीच्या उर्दू वाचकाच्या कानाला उच्चार खटकतो.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि तिच्यावर हिंदीत मोठी चर्चा झालेली आहे. उर्दूत मूळ उच्चार 'शह्र' आहे, म्हणजे गाल. हिंदीत 'शहर' म्हणतात, म्हणजे लगा. तोच शब्द, पण वजन नेमकं उलटं. हिंदी गझलकार दुष्यंत कुमार यांनी १९७५ मध्ये आलेल्या 'साये में धूप'च्या प्रस्तावनेत या विषयावर भूमिका घेतली. 'शह्र' हे रूप माहीत असूनही आपण हिंदीत रुळलेलं 'शहर' वापरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पण ते स्वतःची गझल लिहीत होते, म्हणून त्यांना हे वजन आधीच धरून ओळ बांधता आली. दुसऱ्याचा शेर हिंदीत आणणाऱ्याला ही मुभा नाही. मूळ ओळ 'शह्र'वर बांधलेली असेल, तर 'शहर' लिहून ती वृत्तात बसणार नाही.

## ही पद्धत कुठे चालत नाही?

वरचा शेर सोपा आहे. त्यातला अडणारा शब्द काफियाच्या जागी नव्हता, ओळीच्या सुरुवातीला होता. म्हणून तो हलवता आला. काफियाच अवघड फारसी शब्दाचा असेल, तर बहुतेक वेळा तो ठेवून अर्थ देण्यावाचून इलाज नसतो.

'दर्द-ए-दिल'सारखे 'ए' लावून जोडलेले शब्दही अडवतात. 'दिल का दर्द' असा उलगडा सोपा आहे, पण त्यात शब्दांचा क्रम उलटतो आणि वजनही बदलतं. एखादी जोडी सोडवता येते, पण ओळीत अशा तीन-चार कड्या एकमेकींत गुंफलेल्या असतील तर ओळ सोडवता सोडवता गद्य होऊन जाते.

आणि सुट्टा शेर आणणं वेगळं, पूर्ण गझल आणणं वेगळं. मतल्यात 'किनारा-इशारा' ठेवलं की पुढच्या प्रत्येक शेराला 'आरा' पाळावाच लागतो. मतल्यात सोयीसाठी काफिया बदलला, तर पुढचे सगळे शेर त्याला जुळवून घ्यावे लागतात.

## पुढे पाठवण्याआधी काय तपासायचं?

तुमच्यापर्यंत आलेला देवनागरी शेर नीट उतरला आहे की नाही, हे उर्दू लिपी न येताही बऱ्यापैकी कळू शकतं.

आधी दोन्ही ओळी ठेका धरून म्हणा. एकच ओळ अडखळत असेल तर तिथे बहुधा कुणीतरी शब्द 'सुधारलेला' आहे. मतला असेल तर दोन्ही ओळींचा शेवट पाहा. एकीकडे 'गया' आणि दुसरीकडे 'गई' असेल, तर मधला शब्द बदललेला असण्याची शक्यता मोठी आहे.

त्यानंतर मराठीत वापरात असलेल्या शब्दांकडे संशयाने पाहा, कारण अनोळखी शब्दाचा अर्थ आपण शोधतो, पण ओळखीच्या शब्दाचा शोधत नाही. उर्दूत 'खाली' (ख़ाली) म्हणजे रिकामा, मराठीत खालच्या बाजूला. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल, मराठीत आक्षेप. उर्दूत 'गैर' (ग़ैर) म्हणजे परका, मराठीत अनुचित. आणि उर्दूत 'इशारा' म्हणजे खूण.

वरच्या शेरातून हा एक अर्थ निसटला, तर बाकी सगळं बरोबर असूनही शेवटची ओळ 'आता मध्ये फक्त धमकी उरली' अशी वाचली जाईल. वजन, काफिया, रदीफ यांपैकी काहीच मोडलेलं नसेल, आणि तरीही शेर कल्याणपर्यंत पोहोचलेला नसेल.